भूल न देता बसवलेले हाड: वैद्यकीय निष्काळजीपणाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण १९५३ सालचे आहे. त्यावरचा अखेरचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २ मे १९६८ रोजी दिला. डॉक्टरकडून कायदा नेमक्या किती काळजीची अपेक्षा करतो, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे आजही बऱ्याच अंशी याच निकालाच्या शब्दांत दिले जाते. निकाल प्रसिद्ध झालेला असला तरी येथे कोणाचेही नाव दिलेले नाही, कारण आपल्याला पाहायची आहे ती निर्णयांची साखळी.

रत्नागिरी जिल्ह्यातील समुद्रकाठच्या एका गावी ६ मे १९५३ रोजी, सूर्यास्ताच्या सुमारास, सुमारे वीस वर्षांच्या एका तरुणाला पुळणीवर अपघात झाला आणि त्याच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. रात्री साडेआठ-पावणेनऊच्या सुमारास गावातले डॉक्टर आले. त्यांनी पाय हलू नये म्हणून लाकडी फळ्या बांधल्या. दुसऱ्या दिवशी रुग्णाची प्रकृती बरी होती, परंतु अशा मोडीवर गावात उपचार होणे शक्य नसल्याने त्यांनी त्याला पुण्याला हलवण्याचा सल्ला दिला. ८ मे रोजी फळ्या काढून रीतसर स्प्लिंट लावण्यात आले, आणि त्या रात्री एक वाजता टॅक्सीत तरुणाला अर्धवट आडवे ठेवून आई आणि गावचे डॉक्टर त्याच्यासह निघाले. सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून ते ९ मे रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास पुण्यात पोहोचले. वडील स्वतः दौंडला वैद्यकीय व्यवसाय करीत होते. तेही तोवर पुण्यात आले होते.

गावच्या डॉक्टरांनी जे केले ते आपल्या मर्यादा ओळखणाऱ्या वैद्याचे काम होते. पाय स्थिर केला, जे जमणार नाही त्याला हात लावला नाही आणि रुग्णाबरोबर स्वतः प्रवास केला. पुढच्या सगळ्या वादात त्यांच्यावर कोणी बोट ठेवले नाही, हे त्यामुळेच.

पुण्यातील दुपार

पुण्यात प्रथम एका रुग्णालयात पायाची स्क्रीनिंगखाली तपासणी झाली. हाडाची दोन्ही टोके एकमेकांवर चढलेली होती आणि पिन घालून वजनाचे ट्रॅक्शन, म्हणजे सततची संथ ओढ, लावावे लागेल, असे तेथे निष्पन्न झाले. त्यानंतर कुटुंबाने रुग्णाला एका खासगी शल्यचिकित्सकाच्या रुग्णालयात नेले. ते स्वतः त्या वेळी तेथे नव्हते. त्यांच्या सहायक डॉक्टरांनी दुपारी सव्वादोनला रुग्णाला दाखल करून घेतले.

थोड्या वेळाने शल्यचिकित्सक आले. प्राथमिक तपासणी करून त्यांनी सहायकाला मॉर्फियाचे एक अष्टमांश ग्रेन आणि हायोसिनचे एक दोनशेअंश ग्रेन, अशी दोन इंजेक्शने एका तासाच्या अंतराने देण्यास सांगितले. आजच्या मापात हे सुमारे आठ मिलिग्रॅम मॉर्फिया आणि एक तृतीयांश मिलिग्रॅमच्या आसपास हायोसिन होते. प्रत्यक्षात सहायकाने एकच इंजेक्शन दिले. रुग्णाला तळमजल्यावरच्या क्ष-किरण खोलीत नेऊन दोन चित्रे काढली गेली, तेथून वरच्या मजल्यावरच्या शस्त्रक्रियागृहात नेले गेले आणि पाय प्लास्टरमध्ये घालण्यात आला. शस्त्रक्रियागृहात तो तासाभराहून थोडा अधिक काळ होता. साडेपाचच्या सुमारास त्याला खोलीत आणले गेले.

सात वाजेपर्यंत मॉर्फियाचा अंमल उतरेल, असे वडिलांना सांगण्यात आले आणि त्या भरवशावर ते दौंडला परतले. आई खोलीत थांबली. साडेसहाच्या सुमारास मुलाला श्वास घ्यायला त्रास होत आहे आणि खोकला येत आहे, हे तिच्या लक्षात आले. सहायकाने शल्यचिकित्सकांना बोलावले आणि तातडीचे उपचार सुरू झाले. रात्री नऊ वाजता मुलगा गेला. शल्यचिकित्सकांनी दिलेल्या प्रमाणपत्रात मृत्यूचे कारण चरबीची गुठळी, म्हणजे फॅट एम्बॉलिझम, असे नोंदवले होते.

नेमका पेच

मांडीचे हाड शरीरातले सर्वांत लांब हाड आहे आणि त्याभोवतीचे स्नायू सर्वांत ताकदवान स्नायूंपैकी आहेत. हे हाड मधोमध मोडले की स्नायू आखडतात, तुटलेली टोके एकमेकांवर सरकतात आणि पाय आखूड होतो. वयात आलेल्या माणसाच्या बाबतीत ती टोके पुन्हा समोरासमोर आणायची तर स्नायूंच्या या ओढीवर मात करावी लागते. ती दोन मार्गांनी होते. एक तर गुडघ्याखाली नडगीच्या हाडातून पिन घालून, वजन लावून, दिवसेंदिवस संथपणे ओढ द्यायची. नाही तर रुग्णाला भूल देऊन स्नायू सैल करायचे आणि हाड हाताने बसवायचे. मॉर्फियाने वेदना बोथट होते, पण स्नायू सैल पडत नाहीत. भूल न देता पाय ओढला तर ओढणाऱ्याची ताकद आणि रुग्णाचे आखडलेले स्नायू यांची झुंज होते, आणि तिचा ताण सोसावा लागतो तो रुग्णाला.

त्यात हा रुग्ण सुमारे सत्तर तास मोडलेला पाय घेऊन होता आणि त्याने नुकताच दहा तासांहून अधिक काळ टॅक्सीने प्रवास केला होता. मोडलेल्या मांडीत एक लिटर किंवा त्याहून अधिक रक्त साचू शकते आणि बाहेरून ते दिसत नाही. म्हणून असा रुग्ण शांत दिसत असला तरी तो धक्क्याच्या, म्हणजे रक्ताभिसरण ढासळण्याच्या, उंबरठ्यावर आहे असेच समजावे लागते.

डॉक्टरांपुढचे पर्याय

त्या दुपारी चार मार्ग होते. पहिला, आधीच्या रुग्णालयात सुचवलेला, पिन घालून ट्रॅक्शन लावण्याचा. दुसरा, त्या दिवशी काहीच न बसवता पाय फक्त स्थिर ठेवण्याचा, रुग्णाला विश्रांती व द्रव देण्याचा आणि एक-दोन दिवसांनी पुढचे ठरवण्याचा. तिसरा, पूर्ण भूल देऊन हाड बसवण्याचा आणि मग प्लास्टर करण्याचा. चौथा, मॉर्फियाच्या अमलाखालीच ओढ देऊन हाड बसवण्याचा आणि लगेच प्लास्टर करण्याचा.

पहिल्या तीन मार्गांपैकी कोणताही निवडला असता तर डॉक्टरांवर ठपका ठेवणे जवळजवळ अशक्य होते. प्रत्येकाला त्याचे तोटे आहेत. ट्रॅक्शनमध्ये रुग्ण कित्येक आठवडे अंथरुणाला खिळतो. थांबण्यात टोके तशीच राहतात आणि स्नायू आणखी आखडतात. थकलेल्या रुग्णाला भूल देण्याचा धोका तर उघडच आहे. परंतु यांतली निवड करणे हेच डॉक्टरांचे काम आहे आणि कायदा तेवढी मोकळीक त्यांना देतो. चौथ्या मार्गाचे तसे नाही. त्यात तिसऱ्या मार्गातली ओढ आहे, पण ती सुसह्य करणारी भूल नाही.

बचाव

आई-वडिलांचे म्हणणे असे होते की शल्यचिकित्सकांनी तीन मदतनिसांच्या साहाय्याने पाय जोर लावून ओढला, भूल दिली नाही आणि त्या धक्क्याने मुलगा दगावला. शल्यचिकित्सकांनी हे नाकारले. आपण हाड बसवलेच नाही. प्रवासाने रुग्ण थकलेला होता म्हणून बसवणे पुढे ढकलले आणि केवळ हलकी ओढ देऊन पाय प्लास्टरने स्थिर केला, असे त्यांनी सांगितले.

या बचावाकडे बारकाईने पाहायला हवे. आपण चौथा मार्ग निवडला आणि तो योग्य होता, असे डॉक्टर म्हणत नव्हते. आपण दुसरा मार्ग निवडला, असे ते म्हणत होते. म्हणजे भूल न देता हाड बसवणे ही मान्य पद्धत आहे, असा दावा कोणीच केला नव्हता. त्यामुळे सारा खटला वैद्यकशास्त्राच्या मतभेदावर न राहता एका साध्या प्रश्नावर आला: त्या तासाभरात त्या खोलीत काय घडले? शिवाय रुग्ण थकलेला होता, हे विधान बचावाला दुधारी ठरणारे होते. हाड बसवले नाही हे सिद्ध झाले असते तर ते विधान डॉक्टरांच्या विवेकाचा पुरावा ठरले असते. हाड बसवले असे ठरल्यावर मात त्याच विधानाचा अर्थ उलटला, कारण रुग्णाला ओढ सोसणार नाही हे माहीत असूनही ती दिली गेली, असे त्यातून निघू लागले.

न्यायालयांचा निष्कर्ष

दिवाणी न्यायालयाने पुराव्यावरून आई-वडिलांची बाजू खरी धरली: हाड बसवले गेले, त्यासाठी तीन मदतनिसांसह अवाजवी जोर लावला गेला आणि भूल दिली गेली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरांचे अपील मान्य केले नाही. भूल देण्याची प्राथमिक खबरदारी न घेता हाड बसवण्याचा प्रयत्न झाला आणि त्यातून आलेल्या धक्क्याने मृत्यू झाला, असे त्याने म्हटले. प्रमाणपत्रातील चरबीच्या गुठळीचे कारण हे खऱ्या कारणावर घातलेले पांघरूण होते, हा उच्च न्यायालयाचा निष्कर्ष या प्रकरणातला सर्वांत कठोर भाग आहे.

सर्वोच्च न्यायालयाने या निष्कर्षांत हस्तक्षेप केला नाही. तथापि, या निकालाचे पुढे जे महत्त्व झाले ते त्यातल्या कायद्याच्या मांडणीमुळे. जो माणूस वैद्यकीय सल्ला व उपचार देण्यास पुढे येतो तो, आपल्याकडे त्या कामापुरते कौशल्य व ज्ञान आहे, असे सूचित करीत असतो. त्यामुळे रुग्णाप्रती त्याची तीन कर्तव्ये ठरतात: रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना काळजी घेणे, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना काळजी घेणे आणि तो उपचार प्रत्यक्ष देताना काळजी घेणे. काळजीचे माप वाजवी असावे. ते अत्युच्च नको आणि अगदी खालचेही नको, आणि ते त्या त्या प्रसंगाच्या परिस्थितीत पाहिले जावे. उपचार निवडण्याची मोकळीक डॉक्टरला आहे आणि आणीबाणीच्या प्रसंगी ती अधिक सैल होते, हेही न्यायालयाने नोंदवले.

या तीन कर्तव्यांचा उपयोग असा की कोणत्याही प्रकरणात बोट नेमके कुठे ठेवायचे हे त्यांनी कळते. येथे पहिल्या कर्तव्याबद्दल तक्रार नाही. हाडांचे काम करणाऱ्या शल्यचिकित्सकाने मोडलेली मांडी हाती घेण्यात काही गैर नव्हते. भूल न देण्याचा निर्णय दुसऱ्या कर्तव्यात येतो आणि लावलेला जोर तिसऱ्यात. ठरलेले दुसरे इंजेक्शन न दिले जाणे हेही तिसऱ्यातच येते. माझ्या मते ते दिले गेले असते तरी दुसऱ्या कर्तव्यातली चूक भरून निघाली नसती, कारण मॉर्फिया दुप्पट केल्याने त्याची भूल होत नाही.

तज्ज्ञांचे मत कसे तोलले जाते

हे प्रकरण योगायोगाने जवळजवळ त्याच काळातल्या एका इंग्रजी प्रकरणाशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. १९५४ साली लंडनच्या एका मनोरुग्णालयात एका रुग्णाला विजेचे झटके देण्याचा उपचार झाला. झटक्याने स्नायू जोरात आखडतात. ते सैल ठेवणारे औषध त्याला दिले नव्हते आणि त्याच्या दोन्ही खुब्यांची हाडे मोडली. १९५७ साली न्यायमूर्ती मॅकनेअर यांनी ज्यूरीला जी सूचना केली ती बोलॅम कसोटी म्हणून ओळखली जाते: त्या शाखेतल्या जबाबदार तज्ज्ञांच्या एका गटाला जी पद्धत योग्य वाटते तिच्याप्रमाणे वागणारा डॉक्टर, केवळ दुसऱ्या गटाचे मत वेगळे आहे म्हणून, निष्काळजी ठरत नाही. ज्यूरीने डॉक्टरांच्या बाजूने कौल दिला.

वरवर पाहता दोन्ही प्रकरणे सारखी आहेत. दोन्हीत जोर आला, दोन्हीत स्नायू सैल करणारा उपाय टाळला गेला. मग एक डॉक्टर सुटला आणि दुसरा दोषी ठरला, असे का? लंडनमध्ये स्नायू सैल करणाऱ्या औषधालाही जिवाचा थोडा धोका होता आणि ते सरसकट द्यावे की नाही यावर अनुभवी मनोविकारतज्ज्ञांत खरोखर दोन मते होती. धोका दोन्ही पारड्यांत होता आणि प्रत्येक गटाकडे सांगण्यासारखे कारण होते. पुण्याच्या प्रकरणातही भुलीचा धोका होता, पण भूल टाळायची असेल तर ओढही टाळता येत होती. थांबण्याचा रस्ता मोकळा असताना भुलीविना ओढण्याच्या बाजूने बोलणारा जबाबदार गट दिसत नव्हता, आणि डॉक्टरांनीही तसा दावा केला नव्हता.

तज्ज्ञ साक्षीदार येऊन ‘आम्हीही असेच करतो’ म्हणाले की काम झाले, असा बोलॅमचा अर्थ अनेकांनी घेतला. तो सैलसर अर्थ १९९७ साली ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने बोलिथो प्रकरणात आवळला. तज्ज्ञाने संबंधित धोके आणि फायदे प्रत्यक्ष तोलले आहेत का आणि त्याचा निष्कर्ष तर्काला टिकतो का, हे न्यायालय पाहील, असे तेथे ठरले. मत तर्काला टिकत नाही असे म्हणण्याची वेळ क्वचितच येईल, हेही त्याच निकालात आहे, आणि त्या प्रकरणातही डॉक्टरच जिंकले. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू निकालात बोलॅम कसोटी स्वीकारली. फौजदारी गुन्हा ठरण्यासाठी साधा निष्काळजीपणा पुरत नाही, तो ढोबळ स्वरूपाचा असावा लागतो, असेही तेथेच सांगितले. प्रस्तुत प्रकरण दिवाणी होते, म्हणून तो उंबरठा येथे लागू नव्हता.

प्रत्यक्ष साक्षीत हे तोलणे असे होते. तज्ज्ञाला आधी गृहीत धरलेली तथ्ये विचारली जातात, कारण ‘हलकी ओढ’ धरून दिलेले मत ‘तीन माणसांनी ओढले’ असे सिद्ध झाल्यावर निरुपयोगी ठरते. मग त्याचे मत त्या काळी मान्य असलेल्या वैद्यकीय ग्रंथांशी ताडले जाते, आणि ते त्या काळचेच असावे लागतात. १९५३ च्या डॉक्टरला १९६८ चे ज्ञान लावता येत नाही. शेवटी कारण मागितले जाते. नुसते ‘योग्य होते’ एवढेच सांगणारा तज्ज्ञ कितीही मोठा असला तरी न्यायाधीशाला त्याचा उपयोग नसतो.

मृत्यूच्या कारणाचा प्रश्न

या प्रकरणाचा मला सर्वांत अवघड वाटणारा भाग हा आहे. लांब हाड मोडल्यावर मज्जेतली चरबी रक्तात जाऊन फुप्फुसात अडकू शकते. हा विकार सामान्यतः दुखापतीनंतर एक ते तीन दिवसांत दिसतो आणि श्वासाचा त्रास हे त्याचे ठळक लक्षण आहे. सत्तर तास, हलत गेलेले हाड आणि संध्याकाळी सुरू झालेली धाप, हे सारे त्या निदानाशी विसंगत नाही. म्हणून प्रमाणपत्रातले कारण वैद्यकीयदृष्ट्या अशक्य कोटीतले होते, असे म्हणता येणार नाही.

तरी न्यायालयांनी ते मानले नाही, आणि त्यामागची रीत समजण्यासारखी आहे. दिवाणी दाव्यात निःसंशय पुरावा लागत नाही. कोणती शक्यता अधिक, एवढेच पाहायचे असते. प्रकृती बरी असलेला रुग्ण हाड ओढल्यानंतर तासाभरात ढासळतो, हा क्रम एका बाजूला होता. दुसऱ्या बाजूला ज्याच्या वागणुकीवर प्रश्न आहे त्याच डॉक्टरांनी लिहिलेले कारण होते, आणि हाड बसवले नाही हे त्यांचे म्हणणे अविश्वसनीय ठरले होते. एका गोष्टीवरचा विश्वास उडाला की त्या माणसाच्या बाकीच्या शब्दांचे वजनही घटते. डॉक्टरांनी काय केले ते पहिल्यापासून सरळ सांगितले असते, तर चरबीच्या गुठळीचा युक्तिवाद कदाचित अधिक गांभीर्याने ऐकला गेला असता.

निकाल

आई-वडिलांना तीन हजार रुपयांची भरपाई मंजूर झाली होती आणि ती शेवटपर्यंत कायम राहिली. अपघात आणि अंतिम निकाल यांत पंधरा वर्षे गेली. पुढे १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते असे ठरवल्यावर अशा तक्रारींचा रस्ता बदलला, पण काळजीचे माप तेच राहिले.

काय वेगळे करता आले असते

पहिला निर्णयबिंदू दाखल करून घेतल्यानंतरचा होता. आधीच्या रुग्णालयात ट्रॅक्शनचा सल्ला मिळालेला होता. तो मानलाच पाहिजे असे नाही, पण बाजूला ठेवायचा तर का, हे दोन ओळींत लिहायला हवे होते. दुसऱ्या मताशी मतभेद असणे हा निष्काळजीपणा नव्हे. मात्र कारणाशिवाय वेगळ्या वाटेने गेल्यास नंतर ते घाईसारखे दिसते.

दुसरा बिंदू शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी होता. एकच इंजेक्शन दिले गेले आहे हे तेथे विचारले गेले असते तर कळले असते. त्या क्षणी ‘आज केवळ प्लास्टर, ओढायचे नाही’ असे ठरवून तसेच वागले असते, तर डॉक्टरांचा नंतरचा बचाव खरा ठरला असता.

तिसरा बिंदू साडेपाच वाजताचा. स्वतः डॉक्टर असलेल्या वडिलांना सात वाजेपर्यंत सारे ठीक होईल असे सांगून जाऊ देण्यात आले आणि बिघाड प्रथम लक्षात आला तो आईच्या. नाडी, रक्तदाब आणि श्वासाची दर पंधरा-वीस मिनिटांनी नोंद ठेवली असती तर मुलगा वाचला असता, असे मी म्हणणार नाही. पण श्वास कधी बिघडू लागला आणि त्याआधी नाडी कशी चालत होती, हे त्या कागदावरून दिसले असते. धक्का आणि चरबीची गुठळी यांतला भेद करायला ती माहिती उपयोगी पडली असती.

चौथा बिंदू मृत्यूनंतरचा. उपचारानंतर काही तासांत तरुण रुग्ण दगावला असता कारणाचे प्रमाणपत्र स्वतः न देता शवविच्छेदनाचा आग्रह धरणे हेच डॉक्टरांच्या हिताचे असते. फुप्फुसातली चरबी सूक्ष्मदर्शकाखाली विशिष्ट रंग देऊन पाहता येते. ती आढळली असती तर निदानाला दुसऱ्याचा दुजोरा मिळाला असता, आणि नसती तर ते लिहायची वेळच आली नसती.